एकाच दराने सगळे जॉब मोजले तर काय होतं? वर्कशॉपच्या हिशोबातली चूक आणि एबीसी पद्धत

भोसरी असो, नाशिकचं सातपूर असो किंवा कोल्हापूरची शिरोली. कुठल्याही छोट्या मशीन शॉपमध्ये गेलात तर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "तुमचा तासाचा रेट किती?"

याला तिथे मशीन अवर रेट म्हणतात. मशीन एक तास चाललं की गिऱ्हाईकाकडून किती पैसे घ्यायचे, तो हा आकडा. नवीन जॉबचं ड्रॉइंग आलं की मालक बघतो, मशीनवर किती मिनिटं लागतील. मिनिटं गुणिले रेट, अधिक मटेरियल, अधिक थोडा नफा. झालं कोटेशन तयार.

सगळे जॉब साधारण एकसारखे असतील तर ही पद्धत चालून जाते. पण एकाच शेडमध्ये एकीकडे हजारोंच्या लॉटमध्ये निघणारा साधा पार्ट आणि दुसरीकडे पाच-पाच नगांचे खास जॉब असतील, तर हाच हिशोब मालकाला उलट्या दिशेला नेतो. नफ्याचा माल तोट्यात दिसतो आणि तोट्याचा माल नफ्यात.

हे नेमकं कसं होतं आणि ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग म्हणजेच एबीसी ही पद्धत त्यावर काय उपाय सांगते, ते आपण एका वर्कशॉपचा हिशोब मांडून बघू. हे वर्कशॉप आपण उदाहरणासाठी गृहीत धरलंय. आकडे मुद्दाम सोपे ठेवलेत.

आधी ओव्हरहेड म्हणजे काय ते समजून घेऊ

एखादा पार्ट बनवायला लागणारा काही खर्च थेट त्या पार्टवर दाखवता येतो. त्याला किती लोखंड लागलं ते वजन करून कळतं. ऑपरेटरने त्यावर किती वेळ घालवला तेही कळतं. हा झाला थेट खर्च.

पण शेडचं भाडं, मशीनचा घसारा, वीजबिल, मशीन सेट करणाऱ्या सेटरचा पगार, माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचा पगार, ऑफिसमध्ये ऑर्डरचे कागद बघणाऱ्याचा पगार हे सगळं कुठल्या एका पार्टचं नसतं. ते सगळ्यांचं मिळून असतं. याला ओव्हरहेड म्हणतात. कॉमर्सच्या मराठी पुस्तकात याला उपरिव्यय असा शब्द सापडेल, पण वर्कशॉपमध्ये सगळे ओव्हरहेडच म्हणतात.

हा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा, हाच कॉस्टिंगमधला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. घरात चार भाडेकरू आणि विजेचा मीटर एकच असेल तर बिल कसं वाटायचं? माणशी सारखं वाटलं तर हिशोब सोपा होतो. पण एकाच्याच खोलीत एसी असेल तर बाकीचे तिघे त्याचं बिल भरत असतात.

आपलं वर्कशॉप

या वर्कशॉपमध्ये तीन सीएनसी मशीन आहेत आणि माल दोन प्रकारचा निघतो.

पहिला आहे साधा स्टीलचा बुश. महिन्याला ५,००० नग, एका नगाला मशीनवर ६ मिनिटं. म्हणजे महिन्याला ५०० तास. हा माल १,२५० नगांच्या चार लॉटमध्ये काढला जातो. एका नगाचं मटेरियल ७३ रुपये आणि ऑपरेटरची मजुरी १२ रुपये, म्हणजे थेट खर्च ८५ रुपये. विक्री १४० रुपयांना.

दुसरा आहे खास व्हॉल्व्ह बॉडी. वेगवेगळ्या पार्ट्यांच्या वेगवेगळ्या ड्रॉइंगप्रमाणे बनते. महिन्याला २० ऑर्डरी, प्रत्येक ऑर्डर ५ नगांची. म्हणजे १०० नग. एका नगाला मशीनवर एक तास, म्हणजे महिन्याला १०० तास. मटेरियल ९३० आणि मजुरी १२०, थेट खर्च १,०५० रुपये. विक्री २,१५० रुपयांना.

वर्कशॉपचा महिन्याचा एकूण ओव्हरहेड आहे ३,६०,००० रुपये.

पारंपरिक पद्धत: सगळ्यांना एकच दर

पारंपरिक पद्धतीत सगळा ओव्हरहेड एका डब्यात टाकतात आणि मशीनच्या एकूण तासांनी भागतात. काही ठिकाणी मशीनच्या तासांऐवजी मजुरीचे तास किंवा मजुरीची रक्कम घेतात, पण तत्त्व तेच. याला ओव्हरहेड ॲब्सॉर्प्शन म्हणतात, म्हणजे प्रत्येक नगाने आपल्या वाट्याचा ओव्हरहेड शोषून घ्यायचा.

इथे ३,६०,००० भागिले ६०० तास, म्हणजे तासाला ६०० रुपये.

बुशला ६ मिनिटं लागतात म्हणून त्याच्यावर ६० रुपये ओव्हरहेड. थेट खर्च ८५ धरून एकूण कॉस्ट १४५ रुपये. विक्री १४० ला. म्हणजे प्रत्येक नगामागे ५ रुपये तोटा.

बॉडीला एक तास लागतो म्हणून तिच्यावर ६०० रुपये. थेट खर्च १,०५० धरून एकूण १,६५० रुपये. विक्री २,१५० ला. म्हणजे नगामागे ५०० रुपये नफा.

महिन्याचा हिशोब केला तर बुशमध्ये २५,००० रुपये तोटा, बॉडीमध्ये ५०,००० रुपये नफा. वर्कशॉपला एकूण २५,००० रुपये सुटतात.

हा कागद हातात आल्यावर कुठलाही मालक काय ठरवेल? बुशचा रेट वाढवायचा, पार्टी तयार नसेल तर काम सोडायचं आणि खास जॉब जास्त घ्यायचे. आकड्यांप्रमाणे तर हेच बरोबर दिसतं.

पण शॉप फ्लोअरवर काय चाललंय?

आता कागद बाजूला ठेवून एक दिवस मशीनशेजारी उभं राहू.

बुशचा लॉट लागतो तेव्हा सेटर दोन तासांत मशीन सेट करतो. प्रोग्रॅम जुनाच आहे, टूल ठरलेली आहेत. पहिला पीस ओके झाला की ऑपरेटर १,२५० नग काढत राहतो. अधूनमधून गेज लावून बघतो. इन्स्पेक्टर चक्कर मारून जातो.

बॉडीची ऑर्डर लागते तेव्हा चित्र वेगळं असतं. ड्रॉइंग नवीन, त्यामुळे प्रोग्रॅम नवीन. जॉब धरायला सॉफ्ट जॉ बोअर करायचे, टूल बदलायची, ऑफसेट घ्यायचे. ट्रायलमध्ये एखादा नग वाया जातो. सेटिंगला चार तास जातात आणि त्यानंतर निघतात फक्त पाच नग. प्रत्येक नगाची मापं रिपोर्टवर लिहावी लागतात. ऑफिसमध्ये त्याच पाच नगांसाठी कोटेशन, मटेरियलची खरेदी, चलन, बिल, पैशासाठी फोन असं सगळं होतं.

म्हणजे सेटिंगचा खर्च मशीन किती तास चाललं यावर ठरत नाही. पाच नग काढा नाहीतर १,२५० नग काढा, सेटिंग एकदाच होतं. पण मशीनच्या तासांवर वाटणी केल्यामुळे सेटरच्या पगाराचा मोठा हिस्सा बुशच्या नावावर गेला, कारण मशीन जास्त तास बुशसाठी चाललं. चूक इथे आहे. बेरीज-वजाबाकीत काही चुकलं नाही. ज्या मापाने वाटलं ते माप चुकीचं होतं.

एबीसी काय करते?

एबीसीमध्ये सगळा ओव्हरहेड एका डब्यात टाकत नाहीत. आधी विचारतात, हा पैसा कुठल्या कामावर खर्च झाला? मग प्रत्येक कामाचा वेगळा डबा करतात. आणि मग विचारतात, हे काम कशामुळे वाढतं? जे कारण असेल त्याच मापाने तो डबा वाटायचा. या मापाला कॉस्ट ड्रायव्हर म्हणतात.

आपल्या वर्कशॉपचे ३,६०,००० रुपये असे पाच डब्यांत वाटले गेले.

पहिला डबा मशीन चालवण्याचा. वीज, घसारा, कूलंट, इन्सर्ट, मेंटेनन्स मिळून १,५०,००० रुपये. हा खर्च खरोखरच मशीनच्या तासांवर ठरतो, म्हणून ६०० तासांनी भागला. तासाला २५० रुपये. बुशवर १,२५,००० आणि बॉडीवर २५,००० आले.

दुसरा डबा सेटिंगचा. सेटर आणि हेल्परचा पगार, ट्रायलमध्ये वाया गेलेला माल, जॉ आणि फिक्श्चर मिळून ८८,००० रुपये. माप आहे सेटिंगचे तास. बुशचे चार लॉट गुणिले दोन तास, म्हणजे ८. बॉडीच्या वीस ऑर्डरी गुणिले चार तास, म्हणजे ८०. एकूण ८८ तास, तासाला १,००० रुपये. बुशवर ८,००० आणि बॉडीवर ८०,०००.

तिसरा डबा तपासणीचा. इन्स्पेक्टरचा पगार, गेजचं कॅलिब्रेशन, रिपोर्ट मिळून ४२,००० रुपये. बुशच्या तपासणीला महिन्यात २० तास गेले आणि बॉडीच्या तपासणीला १२०. तासाला ३०० रुपये. बुशवर ६,००० आणि बॉडीवर ३६,०००.

चौथा डबा ऑर्डर सांभाळण्याचा. कोटेशन, खरेदी, प्रोग्रॅमिंग, बिलिंग मिळून ५०,००० रुपये. महिन्यात बुशची ५ शेड्यूल आणि बॉडीच्या २० ऑर्डरी, एकूण २५. प्रत्येकी २,००० रुपये. बुशवर १०,००० आणि बॉडीवर ४०,०००.

पाचवा डबा शेडचं भाडं आणि वॉचमनचा, ३०,००० रुपये. हा खर्च लॉट वाढल्याने किंवा ऑर्डर कमी झाल्याने बदलत नाही. काटेकोर एबीसीमध्ये तो कुठल्याच नगावर टाकत नाहीत, वर्कशॉपचा म्हणून वेगळा दाखवतात. पण इथे आपल्याला जुन्या हिशोबाशी तुलना करायची आहे, म्हणून तेवढ्यापुरता मशीनच्या तासांवर वाटू. तासाला ५० रुपये.

आता बेरीज करा. बुशच्या वाट्याला एकूण १,७४,००० रुपये आले, म्हणजे नगाला ३४.८० रुपये. बॉडीच्या वाट्याला १,८६,००० आले, म्हणजे नगाला १,८६० रुपये.

| | बुश (१ नग) | बॉडी (१ नग) |
|---|---|---|
| विक्री किंमत | ₹१४० | ₹२,१५० |
| पारंपरिक पद्धतीने कॉस्ट | ₹१४५ | ₹१,६५० |
| त्याप्रमाणे नफा/तोटा | ₹५ तोटा | ₹५०० नफा |
| एबीसीने कॉस्ट | ₹११९.८० | ₹२,९१० |
| त्याप्रमाणे नफा/तोटा | ₹२०.२० नफा | ₹७६० तोटा |

महिन्याचं बघितलं तर बुशने १,०१,००० रुपये कमावले आणि बॉडीने ७६,००० रुपये घालवले. एकूण नफा पुन्हा २५,००० रुपयेच. वर्कशॉपचा नफा एका रुपयानेही बदलला नाही. बदललं ते एवढंच की तो कोणी कमावला हे कळलं.

चुकीच्या आकड्यावर निर्णय घेतला तर?

समजा मालकाने पहिल्या कागदावर विश्वास ठेवून बुशचं काम सोडलं. मशीनचे ५०० तास मोकळे झाले. वीज, कूलंट, इन्सर्ट यात समजा ६०,००० रुपये वाचले. बाकी ओव्हरहेड तसाच राहिला, कारण मशीनचे हप्ते, पगार आणि भाडं बुशबरोबर निघून जात नाहीत. आता ३,००,००० रुपये फक्त १०० तासांवर बसले. तासाला ३,००० रुपये. बॉडीची कॉस्ट एकदम ४,०५० रुपये दिसायला लागते. मग बॉडीही परवडत नाही असं वाटतं. कॉस्टिंगच्या भाषेत याला डेथ स्पायरल म्हणतात. एकेक काम सोडत गेलं की उरलेल्या कामावरचा बोजा वाढत जातो.

मालक म्हणेल, मोकळे तास खास जॉबने भरू. भरायला हरकत नाही, पण ५०० तास म्हणजे आणखी ५०० नग, म्हणजे १०० नवीन ऑर्डरी. त्यांना सेटिंगचे ४०० तास आणि तपासणीचे ६०० तास जास्त लागतील. आज ८८ तास सेटिंग आणि १४० तास तपासणी होते. म्हणजे आणखी सेटर आणि आणखी इन्स्पेक्टर नेमावे लागतील. जुन्या हिशोबात हा खर्च कुठेच दिसत नव्हता, तो पगाराच्या दिवशी दिसतो.

ही पद्धत आली कुठून?

एबीसीची चर्चा १९८०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी काही कारखान्यांचे हिशोब तपासले. त्यातली एक केस ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागाची होती. या विभागाला कामासाठी बाहेरच्या पुरवठादारांशी स्पर्धा करून किंमत द्यावी लागत होती. मोठ्या संख्येच्या पार्टमध्ये त्यांची किंमत जास्त ठरून काम हातातून जायचं, आणि कमी संख्येचे पार्ट मात्र त्यांना मिळायचे. कारण आपल्या उदाहरणात होतं तेच. मोठे लॉट छोट्या लॉटच्या सेटिंगचा भार वाहत होते.

१९८७ मध्ये थॉमस जॉन्सन आणि कॅप्लन यांचं 'रेलेव्हन्स लॉस्ट' हे पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा असा होता की कारखान्यांचा हिशोब जुन्या काळासाठी बनला आहे. तेव्हा मजुरी हा मोठा खर्च होता आणि ओव्हरहेड लहान. त्यामुळे ओव्हरहेडची वाटणी थोडी चुकली तरी फरक पडत नव्हता. ऑटोमॅटिक मशीन आल्यावर मजुरी कमी झाली, सेटिंग, प्रोग्रॅमिंग, तपासणी वाढली, पण वाटण्याचं माप तेच राहिलं.

कूपर यांनी खर्चाच्या चार पायऱ्या सांगितल्या. काही खर्च प्रत्येक नगामागे होतो, काही प्रत्येक लॉटमागे, काही प्रत्येक डिझाइनमागे आणि काही संपूर्ण कारखान्यासाठी. आपल्या वर्कशॉपमध्ये वीज पहिल्या पायरीवर आहे, सेटिंग दुसऱ्या, नवीन ड्रॉइंगचा प्रोग्रॅम तिसऱ्या आणि शेडचं भाडं चौथ्या. पारंपरिक पद्धत चारही पायऱ्यांचा खर्च पहिल्या पायरीवरचा समजून वाटते.

मग तोट्याचे जॉब लगेच बंद करायचे का?

इथे बरेच जण घसरतात. एबीसीच्या कागदावर बॉडीत ७६,००० रुपये तोटा दिसतोय, म्हणून बॉडी बंद केली तर ७६,००० रुपये वाचतील का? नाही.

उद्या बॉडी बंद केली तर २,१५,००० रुपयांची विक्री थांबेल. मटेरियलचे ९३,००० रुपये नक्की वाचतील, वीज आणि टूलचे थोडे. पण सेटर आणि इन्स्पेक्टर पगारावर आहेत. त्यांचं काम कमी झालं म्हणून पगार कमी होत नाही. म्हणजे मटेरियल वजा जाता बॉडीतून येणारे १,२२,००० रुपये जातील आणि त्यासमोर वाचणारा खर्च फारच थोडा असेल. वर्कशॉपला सुटणारे २५,००० रुपयेही राहणार नाहीत.

एबीसी सांगते की आपली माणसं आणि वेळ कोण वापरतंय. काय बंद केल्यावर किती पैसे वाचतील, हे ती सांगत नाही. वाचलेला वेळ दुसऱ्या कामाला लावला किंवा खर्चच कमी केला, तरच पैसा हातात येतो.

एबीसीचा खरा उपयोग किंमत ठरवताना आणि ऑर्डर घेताना होतो. बॉडीच्या एका ऑर्डरला ती कितीही नगांची असली तरी सेटिंगचे ४,००० आणि ऑर्डर सांभाळण्याचे २,००० असे ६,००० रुपये लागतात. बाकीचा खर्च नगाप्रमाणे वाढतो. थेट खर्च १,०५०, मशीन २५०, भाडं ५० आणि तपासणीचे सव्वा तासाच्या आसपास म्हणजे ३६० रुपये, मिळून १,७१० रुपये.

आता तीच बॉडी २० नगांची ऑर्डर असेल तर ६,००० रुपये २० नगांत वाटले जातील. नगाला ३०० रुपये. एकूण कॉस्ट २,०१० आणि विक्री २,१५०. म्हणजे १४० रुपये नफा. पाच नगांना ७६० रुपये तोटा देणारा पार्ट २० नगांना नफा देतो. हिशोब केला तर १३ नगांपर्यंत तोटा होतो आणि १४ व्या नगापासून गाडी नफ्यात येते.

म्हणून पार्टीला सांगता येतं की एका ऑर्डरमध्ये किमान १४ नग घ्या, नाहीतर सेटिंग चार्ज वेगळा लागेल. नग तेवढाच, पण कोटेशनमध्ये दोन ओळी झाल्या. एक सेटिंगची आणि एक नगाच्या दराची. बऱ्याच पार्ट्या तेव्हा दोन महिन्यांची गरज एकत्र करून पाठवतात.

दुसरा रस्ता सेटिंगचा वेळच कमी करण्याचा. एकसारख्या व्यासाचे जॉब एकामागोमाग लावायचे, म्हणजे जॉ बदलावे लागत नाहीत. टूल आणि प्रोग्रॅम मशीन थांबायच्या आधीच तयार ठेवायचे. चार तासांचे दोन तास झाले तर एका ऑर्डरमागे २,००० रुपयांचा भार हलका होतो. अर्थात हा पैसा तेव्हाच खरा, जेव्हा सेटरचा वाचलेला वेळ दुसऱ्या जॉबला लागेल.

छोट्या वर्कशॉपने सुरुवात कशी करायची?

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. चार आठवडे एक वही मशीनजवळ ठेवायची. त्यात जॉब नंबर, सेटिंग कधी सुरू झालं, पहिला पीस ओके कधी झाला, किती नग निघाले आणि ट्रायलमध्ये किती वाया गेले एवढंच लिहायचं. इन्स्पेक्टरने आपला वेळ जॉबप्रमाणे लिहायचा. महिन्याच्या शेवटी पगारपत्रक आणि बिलं घेऊन खर्च चार-पाच डब्यांत वाटायचा.

डबे जास्त करायचा मोह टाळा. कॅप्लन यांनीच स्टीव्हन अँडरसन यांच्याबरोबर २००४ मध्ये लिहिलं की मोठ्या कंपन्यांमध्ये एबीसी अनेकदा याच कारणाने बंद पडली. कामांची यादी लांबत गेली, माणसांना वेळेचे फॉर्म भरून कंटाळा आला आणि आकडे जुने झाले. त्यावर त्यांनी वेळेवर आधारलेली सोपी आवृत्ती सुचवली. त्यात दोनच गोष्टी लागतात. एका विभागाचा तासाचा खर्च आणि एका कामाला लागणारा वेळ.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तासाचा दर काढताना प्रत्यक्ष वापरलेल्या तासांनी भागू नका, जेवढे तास खरोखर मिळू शकतात त्यांनी भागा. आपल्या सेटरला महिन्यात सेटिंगसाठी ११० तास मिळत असतील तर दर ८८,००० भागिले ११०, म्हणजे ८०० रुपये होतो. ८८ तासांचे ७०,४०० रुपये जॉबवर जातात आणि उरलेले १७,६०० रुपये रिकाम्या वेळेचा खर्च म्हणून वेगळे दिसतात. असं केलं नाही तर ऑर्डरी कमी झालेल्या महिन्यात दर आपोआप वाढतो, मालक कोटेशन वाढवतो आणि आणखी ऑर्डरी जातात.

कोणाला याची गरज नाही?

सगळा माल साधारण एकाच प्रकारचा, एकाच आकाराच्या लॉटमध्ये निघत असेल तर दोन्ही पद्धतींचं उत्तर जवळपास सारखंच येतं. मग वही लिहिण्याचे कष्ट कशाला? ओव्हरहेड एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असेल तरीही जुनी पद्धत पुरते.

शिवाय एबीसी हा मालकाने स्वतःच्या निर्णयासाठी करायचा हिशोब आहे. ताळेबंदात तयार मालाची किंमत दाखवताना अकाउंटिंग स्टँडर्ड २ चे नियम पाळावे लागतात. त्यात विक्रीचा खर्च आणि उत्पादनाशी संबंध नसलेला ऑफिसचा खर्च मालाच्या किमतीत धरता येत नाही, आणि स्थिर उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटावा लागतो. आपल्या चौथ्या डब्यातला कोटेशन आणि बिलिंगचा खर्च तिथे चालणार नाही. त्यामुळे एबीसीचा कागद सीएकडे जसाच्या तसा पाठवू नका, दोन हिशोब वेगळे ठेवा.

आपल्या वर्कशॉपमध्ये ही गडबड चालू आहे का, हे ओळखायच्या खुणा मात्र साध्या आहेत. अवघड, कमी नगांच्या जॉबचं कोटेशन पार्टी घासाघीस न करता लगेच मान्य करते. सोप्या, मोठ्या लॉटच्या कामात मात्र आपल्यासारखीच मशीन असलेला शेजारचा शेडवाला आपल्यापेक्षा कमी रेट देतो आणि तरी टिकून राहतो. सेटर सतत धावपळीत असतो, ऑफिसमध्ये कागद वाढतात, विक्रीही वाढते, पण महिन्याच्या शेवटी हातात काही राहत नाही.

या तिन्ही गोष्टी एकत्र दिसत असतील, तर बुशचा रेट वाढवायच्या आधी ती चार आठवड्यांची वही लिहून बघा.